स्फुरदाचे दोन अहवाल: ऑल्सेन की ब्रे?

मंगळवेढ्याकडचे एक शेतकरी एकाच रानाचे दोन माती अहवाल घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. ज्वारीचं भारी काळं रान. एका अहवालात उपलब्ध स्फुरद हेक्टरी 3.4 किलो, दुसऱ्यात 13.4. "साहेब, यातलं खरं कुठलं धरू?" असं त्यांनी विचारलं. पहिल्या अहवालावर पद्धतीचं नावच नव्हतं. त्यांच्याकडे त्याच नमुन्याची माती शिल्लक होती, म्हणून मी ती ठेवून घेतली आणि उपलब्ध स्फुरद काढायच्या ब्रे आणि ऑल्सेन या दोन्ही पद्धतींनी तपासली.

आधी सामू आणि मुक्त चुनखडी पाहिली. सामू 8.3, चुनखडी 11 टक्के. मला इथेच उत्तर दिसत होतं, पण त्यांना पटेल असं दाखवायचं होतं.

ब्रेचं द्रावण म्हणजे 0.03 नॉर्मल अमोनियम फ्लोराइड आणि 0.025 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल. त्यातलं फ्लोराइड ॲल्युमिनियमला धरून ठेवतं आणि त्याच्याशी बांधलेला स्फुरद सुटा होतो. कोकणातल्या जांभ्या मातीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमकडेच अडकलेला असतो, त्यामुळे तिथे हे बरोबर बसतं. काळ्या मातीत मात्र चुनखडी आडवी येते. आम्ही 5 ग्रॅम मातीला 50 मिली द्रावण घेतो. तेवढ्या द्रावणातलं सगळं आम्ल संपवायला 62.5 मिलिग्रॅम चुनखडी पुरते, आणि या 5 ग्रॅम मातीत ती होती 550 मिलिग्रॅम. वर फ्लोराइडही कॅल्शियमबरोबर साक्यात निघून जातं. मी पाच मिनिटं हलवून गाळलं आणि गाळलेल्या द्रावणाचा सामू घेतला. मूळ द्रावणाचा साधारण 2.6 असतो, तो सातच्या जवळ गेला होता. म्हणजे स्फुरद काढायला द्रावणात दमच उरला नव्हता. आकडा 3.4 च्या आसपास आला. पहिल्या अहवालाचा उलगडा झाला. ही सामूची चाचणी दोन मिनिटांची आहे, शंका आली की मी ती करतेच.

मग ऑल्सेन. 0.5 मोलर सोडियम बायकार्बोनेट, सामू 8.5. ते कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात खाली बसवतं, द्रावणातलं कॅल्शियम घटतं आणि कॅल्शियमशी जोडलेला स्फुरद विरघळतो. 2.5 ग्रॅम माती, 50 मिली द्रावण, अर्धा तास शेकरवर. द्रावण जुनं झालं की कार्बन डायऑक्साइड उडून सामू चढतो आणि आकडा फुगतो, म्हणून वापरण्याआधी सामू तपासावाच लागतो. खोलीचं तापमान वाढलं तरी स्फुरद जास्त निघतो. एप्रिल-मे आणि डिसेंबरचे आकडे सरसकट शेजारी ठेवू नयेत.

गाळलेलं द्रावण चहासारखं तपकिरी आलं तर सक्रिय कोळसा घालावा लागतो. तो स्फुरदमुक्त नसेल तर कोरा नमुनाही निळा होतो. त्यामुळे कोळशाची नवी बाटली फोडली की आधी माती न घालता एक नमुना चालवायचा.

पुढे 5 मिली द्रावण 25 मिलीच्या फ्लास्कमध्ये घेतलं, थेंबथेंब आम्ल घालून पॅरानायट्रोफिनॉलचा पिवळा रंग जाईपर्यंत सामू खाली आणला. घाई केली की फेस फ्लास्कच्या तोंडापर्यंत येतो आणि नमुना हातचा जातो. फेस बसल्यावर मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्लाने निळा रंग आणून 882 नॅनोमीटरवर वाचलं. प्रमाण आलेखावर 0.06 पीपीएम. विरलन पाचपट आणि वीसपट, म्हणजे मातीत 6 पीपीएम; गुणिले 2.24, हेक्टरी 13.4 किलो. दुसरा अहवाल ऑल्सेनचा होता, तो जुळला.

तरी वाचताना एक अडचण उरते. 13.4 हा स्फुरद आहे, P. खताच्या पिशवीवर असतो P₂O₅. 2.29 ने गुणलं की तोच आकडा 30.7 होतो. आपल्याकडच्या सहा वर्गांच्या तक्त्यात 7 ते 14 किलो P म्हणजे 'कमी'. तिथे चुकून 30.7 धरला तर तेच रान 'जास्त' ठरतं आणि ज्याला स्फुरद हवा त्याचंच खत कापलं जातं. शिवाय 13.4 किलो हा काही मातीतला सगळा स्फुरद नव्हे. त्या द्रावणाला जेवढा हाती लागला तेवढा हा आकडा, आणि त्याचा अर्थ त्याच पद्धतीवर बेतलेल्या तक्त्यात बघायचा. ब्रेचा आकडा ऑल्सेनच्या तक्त्यात ठेवू नये.

ऑल्सेन आम्लधर्मी मातीतही बऱ्यापैकी चालतं. ब्रे मात्र चुनखडीच्या मातीत चालत नाही. म्हणून सामू साडेसहा-सातच्या घरात असला की मी मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकते. बुडबुडे आले तर ऑल्सेन. त्या शेतकऱ्यांना दिलेल्या अहवालावर 'ऑल्सेन, किलो P प्रति हेक्टर' असं हाताने लिहिलं आणि पहिला अहवाल बाजूला ठेवायला सांगितलं.