इतिवृत्तातील अर्धे पान

“एवढ्याशा हनीकोंबसाठी अर्धे पान कशाला? ‘कंत्राटदाराने दुरुस्ती करावी’ एवढे पुरत नाही का?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: हनीकोंब म्हणजे काँक्रीटमध्ये खडीभोवती सिमेंट न राहिल्याने पडलेली पोकळ जागा, आणि एके काळी मी तिच्याबद्दल तेवढेच लिहीत असे. एका बांधकामाच्या पाहणीच्या इतिवृत्तात मी लिहिले होते, “तळमजल्यावरील काही कॉलमच्या पायथ्याशी हनीकोंब आढळले, कंत्राटदाराने दुरुस्ती करावी.” पुढच्या भेटीत ते पायथे गुळगुळीत दिसले, म्हणून मी “पूर्तता झाली” असा शेरा मारून सही केली.

काही महिन्यांनी स्कर्टिंग बसवताना गवंड्याची हातोडी एका कॉलमला लागली आणि आवाज पोकळ आला. आम्ही प्लास्टर फोडले. बोटभर जाडीच्या मसाल्यामागे सुटी खडी होती. ती हाताने निघत होती आणि आत सळई उघडी पडलेली होती. शटरिंगच्या तळाच्या फटीतून सिमेंटचे पाणी निसटले होते, त्यामुळे खडी तेवढी मागे राहिली होती. आता असे कॉलम नेमके कोणते, हे शोधायला मी इतिवृत्त उघडले. त्यात “काही” एवढाच शब्द होता. शेवटी 22 कॉलमचे पायथे ठोकून पाहावे लागले आणि पाच पोकळ निघाले. खर्चाचा विषय निघताच कंत्राटदाराने माझा शेरा माझ्यापुढे ठेवला. त्याने दोष झाकला हे खरे. पण झाकण्याआधी दाखवावे, असे मी कुठे लिहिले होते?

म्हणून आता नोंद अशी असते: कॉलम क-4, पूर्व बाजू, पायथ्यापासून 150 मि.मी. उंचीपर्यंत, टोकरून मोजलेली खोली 45 मि.मी., एक मुख्य सळई उघडी. दोष सळईपर्यंत गेला असल्याने टेकू द्यावा लागेल का, हे आधी संरचना अभियंत्याला विचारावे. त्यानंतर घट्ट काँक्रीट लागेपर्यंत चिपिंग करावे, सळईमागे सुमारे 25 मि.मी. जागा मोकळी करावी, पृष्ठभाग धुऊन ओला करावा आणि न आकसणारे मायक्रोकाँक्रीट भरावे. शेवटचे वाक्य मी कधीही गाळत नाही: चिपिंग झाल्यावर अभियंत्याने पाहून सही केल्याशिवाय भरणी करू नये. कंत्राटदाराची सहीसुद्धा मी “मान्य” या शब्दाखाली घेतो, कारण “प्रत मिळाली” याखालची सही त्याला कशानेच बांधत नाही.

हे पंचनाम्यासारखे वाटते, अशी तक्रार मी ऐकली आहे, आणि त्या वेळी संबंध बिघडू नयेत म्हणूनच मी मोघम लिहीत होतो, हेही मान्य करतो. तो विचार सर्वस्वी चुकीचा होता असे आजही म्हणवत नाही. शिवाय तपशीलवार नोंदीचा एक तोटा मी पाहिला आहे: क-4 लिहिले की क-4 तेवढाच दुरुस्त होतो आणि शेजारच्या क-5 ला कोणी हातोडी लावत नाही. त्यावर “उर्वरित सर्व पायथे संयुक्तपणे ठोकून पाहावेत” असे वाक्य मी जोडू लागलो. पण त्या “सर्व” शब्दात माझा जुना “काही” पुन्हा शिरतो की काय, ही शंका प्रत्येक सहीच्या वेळी मनात येते.