मी उघडं धरून ठेवलेलं दार

शनिवारी सकाळी पावणेअकराला आमच्या इथल्या, परदेशातल्या इमारतीत फायर ड्रिलचा भोंगा वाजला. साडेअकराला आम्ही सगळे खाली अंगणात जमलो होतो आणि ड्रिल घेणारे गृहस्थ विचारत होते, "आठव्या मजल्यावर जिन्याचं दार कोणी उघडं ठेवलं होतं?"

मी हात वर केला. खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याची लाज वाटली नव्हती. मी चांगलंच काम केलं होतं, असं मला वाटत होतं. शेजारच्या आजी-आजोबांना चालायला वेळ लागतो. जिन्याचं दार जड आहे, सोडलं की आपोआप मिटतं. म्हणून आमच्या दारातला चपलांचा छोटा स्टँड मी त्या दाराला टेकवून ठेवला आणि आजींचा हात धरून खाली निघाले. आमच्या घराचं दारही मी तसंच सताड उघडं टाकून आले होते. आग लागली तर आत शिरणाऱ्यांना कुलूप नको, एवढाच त्यामागचा विचार.

ड्रिलसाठी त्यांनी आठव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये रंगमंचावर वापरतात तसलं धुराचं यंत्र ठेवलं होतं, आणि त्या फ्लॅटचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. 'कुणी घाईत दार उघडं टाकून पळालं' असं ते सोंग होतं. हा धूर कॉरिडॉरमध्ये अडकून राहायला हवा होता, कारण जिन्याचं दार बंद असायला हवं होतं. पण दारात माझा स्टँड होता. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या मजल्यावरची माणसं खाली उतरायला निघाली, तेव्हा जिना धुरानं भरून गेलेला. तिघी मुलींना घेऊन उतरणाऱ्या एका आईला मागे फिरावं लागलं. ती मला काहीच बोलली नाही. गृहस्थ म्हणाले, "हा गार धूर होता, म्हणून हळू चढला. खऱ्या आगीचा धूर गरम असतो, तो हलका होऊन सरळ वर जातो. जिना म्हणजे त्याच्यासाठी धुराडंच."

हे गृहस्थ पंचवीस वर्षं अग्निशमन दलात होते. त्यांनी मला कमी लेखलं नाही, आणि मी रागावलेही नाही. मला राग आला तो आधीच्या नोटिशीचा. इथे दर वर्षी सोसायटीकडून तीन पानी नोटीस येते, आणि मी ती दोन वर्षं तशीच ड्रॉवरमध्ये ठेवत होते. पानभर नियम, एकाचंही कारण नाही. कारण कळलं असतं, तर मी स्टँड लावला नसता. या वेळी सचिवबाईंनी ड्रिलनंतर नोटीस नव्यानं लिहून घेतली आणि प्रत्येक ओळीला कारण जोडलं. ती वाचून मी हे लिहायला बसले, कारण आपल्याकडे आई-बाबा, काका, मैत्रिणी असे कितीतरी जण अशाच उंच इमारतींत राहतात.

नोटिशीत सगळ्यात जास्त जागा दाराला दिली आहे, आणि मलाही तेवढीच द्यावीशी वाटते. घराच्या मुख्य दाराच्या कडेनं एक बारीक पट्टी असते. उष्णता लागली की ती फुगते आणि दार आणि चौकट यांच्यातली फट बुजवते. वरच्या कोपऱ्यात दार आपोआप मिटवणारी यंत्रणा असते. आपण तिला कटकट समजतो, कारण हातात पिशव्या असतात. मी तर ती सैल करून घ्यायला मेकॅनिक बोलावणार होते. नोटीस म्हणते, घरातून बाहेर पडताना दार ओढून घ्या, पण कुलूप लावू नका. पेटलेलं घर मागे टाकताना हे एक काम केलं, तर आग आणि धूर बराच वेळ त्याच घरात कोंडून राहतात आणि बाकीच्या मजल्यांना उतरायला अवधी मिळतो.

ड्रिल घेणाऱ्या गृहस्थांनी सांगितलेला एक खरा प्रसंग मी विसरू शकत नाही. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात १९ मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हीटरमुळे आग लागली. आग बहुतेक त्या फ्लॅटपुरती आणि बाहेरच्या कॉरिडॉरपुरतीच राहिली. पण त्या फ्लॅटचं दार आपोआप मिटायला हवं होतं, ते मिटलं नाही. धूर जिन्यांमधून वर चढत गेला आणि १७ माणसं गेली. त्यांत ८ मुलं होती. गेलेल्यांना ज्वाळा गाठू शकल्या नव्हत्या, धुरानं गाठलं.

धुराबद्दल मी आजवर चुकीचं समजत होते. मला वाटायचं, धूर म्हणजे खोकला आणि डोळ्यांत पाणी, वेळ मिळेल. वेळ मिळत नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या जवळजवळ २०० पटींनी जास्त घट्ट चिकटतो. त्याला वास नसतो. माणूस घाबरण्याआधी गोंधळतो, गुंगी येते, आणि ओळखीचं दारही सापडत नाही. सोफ्याच्या फोममधून सायनाइडचा वायू येतो, तो वेगळाच. धुरातून जावंच लागलं तर हातापायांवर रांगत जायचं, कारण गरम धूर छताशी साठतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीजवळ उरते. म्हणून नोटिशीत घरापासून जिन्यापर्यंतची दारं मोजून ठेवा असं लिहिलंय. आमच्या दारापासून डावीकडे तिसरं दार जिन्याचं आहे. उजवीकडून गेलं तर पाचवं, ते दुसऱ्या जिन्याचं. दिसत नसताना भिंतीवर हात ठेवून मोजत जायचं. दुसरा जिना मी तोवर एकदाही वापरला नव्हता. परवा मुलांना घेऊन डोळे मिटून दोन्हीकडे गेलो. धाकटा दोनदा चुकला आणि तिसऱ्यांदा बरोबर पोहोचला.

लिफ्ट न वापरण्याचं कारणही आता समजलं. वीज गेली तर आत अडकतो, एवढंच मला माहीत होतं. पण लिफ्ट ज्या पोकळीतून वर-खाली जाते, तीही धुरासाठी उभा मार्गच, आणि लिफ्ट नेमकी आगीच्या मजल्यावर थांबून दार उघडू शकते. गच्चीकडे पळायचं नाही हेही त्यातच आलं. धूर वरच जातो आणि गच्चीचं दार कुलूपबंद असू शकतं.

सगळ्यात अवघड गेलं ते पुढचं कलम. भोंगा वाजला की आधी दाराला हाताची मागची बाजू लावायची, कारण तळवा भाजला तर पुढे हातच वापरता येत नाही. दार गार असेल तर थोडंसं उघडून बघायचं. कॉरिडॉर मोकळा असेल तर निघायचं. पण धूर दिसला तर दार लावून घरातच थांबायचं. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा, अग्निशमन दलाला फोन करून मजला आणि फ्लॅट नंबर सांगायचा, आणि खिडकीशी उभं राहायचं. खिडकी थोडी उघडायची, पण बाहेरून खालचा धूर आत येत असेल तर पुन्हा लावून घ्यायची. म्हणून काच फोडायची नाही. फोडलेली खिडकी परत लावता येत नाही.

यावर सोसायटीच्या बैठकीत खूप वाद झाला. घरात थांबायचं? मग लंडनच्या ग्रेनफेल टॉवरचं काय? १४ जून २०१७ च्या त्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आग लागली, लोकांना घरातच थांबा असं सांगितलं गेलं आणि ७२ जण गेले. पहिला फोन रात्री १२ वाजून ५४ मिनिटांनी आला आणि थांबण्याचा सल्ला मागे घ्यायला २ वाजून ४७ मिनिटं झाली. मलाही हाच प्रश्न पडला होता. गृहस्थांनी तो टाळला नाही. थांबण्याचा सल्ला इमारतीवर अवलंबून आहे, असं ते म्हणाले. आग एका घरात कोंडून राहते हे गृहीत धरून तो दिलेला असतो. ग्रेनफेलच्या बाहेरच्या भिंतीवरचं आवरणच ज्वलनशील होतं, त्यामुळे आग बाहेरून वर चढली आणि ते गृहीतच कोसळलं. म्हणून आमच्या नोटिशीत आता स्पष्ट लिहिलंय: घरात धूर शिरू लागला, किंवा दलानं बाहेर पडायला सांगितलं, तर पहिला सल्ला संपला. आमच्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर काय आहे, याचा कागद सचिवबाईंनी सूचनाफलकावर लावला. तो मी दोनदा वाचला.

आता आपल्या बाजूनंही एक सांगते. इथे कोणी शेजाऱ्याचं दार वाजवत नाही. मी आजींचा हात धरला याचा मला आजही पश्चात्ताप नाही आणि तसं कोणी म्हटलंही नाही. शिवाय आपल्याकडे भारतात बऱ्याच उंच इमारतींना रेफ्यूज एरिया असतो, म्हणजे उतरू न शकणाऱ्यांनी थांबण्याची मोकळी जागा. आमच्या इथल्या इमारतीत तसं काही नाही. या बाबतीत आपले नियम पुढे आहेत, आणि ते मी बैठकीत सांगितलंही. सोसायटीनं आजी-आजोबांसाठी वेगळा मार्ग काढला. त्यांची नावं कार्यालयातल्या यादीत गेली. भोंगा वाजला की मी त्यांना जिन्याच्या दाराच्या आतल्या रुंद जागेत नेऊन बसवायचं, दार मिटलंय याची खात्री करायची, आणि खाली पोहोचल्यावर पहिल्यांदा त्यांची जागा सांगायची. दल त्यांना उतरवण्याच्या खुर्चीतून आणेल. म्हणजे मदत तीच, फक्त दार बंद.

रविवारी बाबांना फोन केला. त्यांच्या इमारतीत ते बाराव्या मजल्यावर राहतात. मी विचारलं, "बाबा, तुमच्या जिन्याचं दार मिटतं का?"

"ते उघडंच असतं गं. वारा यावा म्हणून खाली वीट लावलीय."

"आणि रेफ्यूज एरिया?"

ते थोडं थांबले. "तिथं सोसायटीच्या जुन्या खुर्च्या आहेत. कुलूप असतं."

मी त्यांना आजी-आजोबांचं सांगितलं, माझ्या स्टँडचं सांगितलं, त्या तीन मुलींचंही सांगितलं. फोन ठेवल्यावर तासाभरानं त्यांचा फोटो आला. वीट त्यांच्या हातात होती आणि मागे दार मिटलेलं दिसत होतं. खाली लिहिलं होतं: कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे आहे, उद्या मागतो.