रोबोटच्या हाताला स्पर्श कळतो तो करंटमधून

जर्मनीत रोबोटवर काम करायला लागल्यापासून घरून फोन आला की एक प्रश्न हमखास येतो. माणसाला धक्का लागताच तो लोखंडी हात थांबतो, तर त्याला कळतं कसं? त्याच्या अंगावर कुठे सेन्सर आहेत? आमच्या बऱ्याच हातांवर असे सेन्सर नाहीतच. जे कळतं ते मोटरच्या करंटवरून कळतं.

मोटर किती जोर लावते हे तिच्या करंटवरून काढता येतं. एका कोपराच्या सांध्याचे सोपे आकडे घेऊ. मोटर 1 अँपिअरला 0.1 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते आणि गिअरबॉक्स तो 100 पट करतो, म्हणजे 1 अँपिअरला सांध्यावर 10 न्यूटन-मीटर. सांध्यापासून अर्ध्या मीटरवर कुणी अडवलं, तर हे 10 न्यूटन-मीटर म्हणजे 20 न्यूटनचा दाब, साधारण दोन किलो वजन ठेवल्यासारखा. हात स्वतःला उचलायला आणि वेग बदलायला किती टॉर्क लागेल हे गणिताने आधीच माहीत असतं. प्रत्यक्ष टॉर्कमधून तो वजा केला की जे उरतं, ते बाहेरून आलेलं. त्याला आम्ही रेसिड्युअल म्हणतो.

या वजाबाकीत पहिली अडचण प्रवेगाची येते. सांधा किती वळलाय हे मोजणाऱ्या एन्कोडरकडून मिळते ती जागा; तिच्यातून वेग आणि वेगातून प्रवेग काढायला गेलं की आकड्यांत इतका गोंधळ माजतो की टक्कर त्यात हरवून जाते. म्हणून प्रवेग टाळून संवेगावर हिशेब करतात. एकाच सांध्यासाठी आणि न बदलणाऱ्या जडत्वासाठी तो इतका छोटा आहे:

```
p = M * qd
s += (N*Kt*i - g(q) - fric(qd, T) + r) * dt
r = K * (p - s)
```

इथे `M` म्हणजे जडत्व, `q` सांध्याची जागा, `qd` त्याचा वेग आणि `p` संवेग. `N` म्हणजे गिअरबॉक्सची पट, `Kt` मोटरचा दर अँपिअरचा टॉर्क, `i` करंट, `g` हाताच्या वजनाचा टॉर्क, `fric` घर्षण, `T` तापमान आणि `dt` दोन मोजण्यांमधला वेळ. `s` मध्ये गणिताने अपेक्षित संवेग साठत जातो आणि `K` हा आपण निवडायचा आकडा. हात स्थिर असताना `s` शून्यावरून सुरू करायचा. `r` हा रेसिड्युअल. बाहेरचा टॉर्क आला की `r` त्याच्या मागे धावतो, पण थोडा उशिरा. `K` 50 ठेवला तर हा उशीर साधारण 20 मिलिसेकंदांचा असतो. `K` वाढवला तर उशीर घटतो, पण गोंधळ वाढतो. पूर्ण हातासाठी यात सांध्यांचा एकमेकांवरचा परिणामही धरावा लागतो. कल्पना हीच राहते.

सगळी डोकेदुखी `fric` या एका शब्दात आहे. करंट मोजला जातो मोटरपाशी आणि धक्का बसतो गिअरबॉक्सच्या पलीकडे, मध्ये घर्षण बसलेलं असतं. या आकाराच्या सांध्यात ते 15 न्यूटन-मीटर असू शकतं, म्हणजे आपल्याला ओळखायच्या धक्क्यापेक्षाही मोठं. शिवाय ते बदलत राहतं. थंड ग्रीस घट्ट असतं. रात्रभर बंद राहिलेला हात सकाळी सुरू केला की तेच घर्षण 25 वर जाऊ शकतं. गणितात तापमान नसेल, तर हा 10 न्यूटन-मीटरचा फरक सरळ रेसिड्युअलमध्ये येऊन बसतो. रेसिड्युअल ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की हात थांबतो; ती मर्यादा 12 न्यूटन-मीटर ठेवलेली असेल, तर जरा वेगात वळताच हात रिकाम्या हवेत थांबतो.

एका कारखान्यात अगदी हेच चाललं होतं. सकाळी हात पुन्हा पुन्हा थांबायचा, दुपारी मुकाट्याने काम करायचा. शिफ्टच्या प्रमुखांचं म्हणणं होतं, "मर्यादा दुप्पट करून द्या, विषय संपला." त्यांची अडचण खरी होती, पण ही मर्यादा अशी वाढवायची गोष्ट नाही. का, ते आकड्यांतच पाहू.

समजा कुणाचा हात टेबलावर आहे आणि रोबोट वरून येतोय. ISO/TS 15066 या 2016 च्या मार्गदर्शक दस्तऐवजात माणसाच्या हाताचा कडकपणा 75 न्यूटन प्रति मिलिमीटर धरलाय. हातावर सतत राहणाऱ्या दाबाची मर्यादा 140 न्यूटन आणि क्षणिक दाबाची 280 आहे. रोबोट 250 मिलिमीटर प्रति सेकंद वेगाने आला, तर दाब दर मिलिसेकंदाला जवळजवळ 19 न्यूटनांनी चढतो. 12 न्यूटन-मीटरची मर्यादा अर्ध्या मीटरवर 24 न्यूटन होते, पण रेसिड्युअल उशिरा येत असल्याने टक्कर लक्षात येईपर्यंत दाब 140 च्या आसपास गेलेला असतो. त्यानंतर 280 च्या आत थांबायला पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जागा उरते. मर्यादा दुप्पट केली तर कळेपर्यंतच 200 च्या वर जातो आणि एक मिलिमीटर उरतो. याउलट वेग 100 वर आणला तर 90 च्या थोडं वर असतानाच कळतं आणि अडीच मिलिमीटर हातात राहतात. आकडे ढोबळ आहेत, हात आणि गिअरबॉक्स थोडे लवचीक असतात. पण वेग कमी करणं हे मर्यादेशी खेळण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं.

मग दोष घर्षणाचाच आहे हे ओळखायचं कसं? सांधा एकाच मार्गावरून सावकाश, एकसारख्या वेगाने पुढे न्यायचा आणि तसाच परत आणायचा. घर्षण नेहमी हालचालीच्या उलट असतं, म्हणून दिशा बदलली की त्याच्यामुळे आलेल्या रेसिड्युअलचं चिन्हही उलटतं. गुरुत्वाकर्षणाची चूक दिशेवर अवलंबून नसते. प्रत्येक जागी दोन्ही फेऱ्यांच्या रेसिड्युअलच्या फरकाचा अर्धा भाग म्हणजे घर्षणाची चूक, आणि सरासरी म्हणजे वजनाची. पकडीतल्या वस्तूचं वजन 2 किलो लिहिलंय आणि प्रत्यक्षात 3 आहे, तर हात आडवा असताना अर्ध्या मीटरवर सरासरीत जवळपास 5 न्यूटन-मीटर दिसतील. त्या कारखान्यात सरासरी शून्याला चिकटून होती आणि फरक सकाळी मोठा, दुपारी नगण्य. उपाय त्यातूनच निघाला: गिअरबॉक्सचं तापमान घर्षणाच्या गणितात घेतलं आणि कामाआधी माणसांपासून दूर, रिकाम्या जागेत हात थोडा वेळ फिरवून गरम करायचं ठरलं. मर्यादा होती तिथेच राहिली.

घर्षण सांभाळलं तरी ही पद्धत काही ठिकाणी आंधळी असते, आणि तिथे काम करणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं. 12 न्यूटन-मीटरची मर्यादा सांध्यापासून 10 सेंटिमीटरवर 120 न्यूटन होते, त्यामुळे सांध्याजवळ बोट चिमटलं तर ते ही पद्धत उशिरा ओळखते. सरळ सांध्याच्या अक्षाकडे दाबलेल्या जोराचा त्या सांध्यावर टॉर्कच येत नाही. हात स्थिर असताना हळूच ढकललं, तर गिअरबॉक्सचं घर्षणच तो जोर पेलतं आणि करंट हलतही नाही. अशा जागा आम्ही यांत्रिकपणे झाकतो किंवा तिथे बोट शिरणारच नाही एवढी फट ठेवतो.

थांबल्यावर काय करायचं हाही प्रश्न उरतो. टक्कर ओळखताच ब्रेक लावला आणि हात टेबलावर दाबूनच थांबला, तर तो माणूस अडकूनच राहतो, आणि ब्रेक लागलेला सांधा हाताने हलवणं सोपं नसतं. म्हणून आम्ही आधी वेग शून्यावर आणतो, मग आला त्याच वाटेने काही मिलिमीटर मागे घेतो आणि त्यानंतरच ब्रेक लावतो. मागे घेतानाही रेसिड्युअल तपासणं चालूच असतं, कारण मागच्या बाजूलाही कुणी उभं असू शकतं.