व्होल्टेज बरोबर 110, तरीही ओव्हरफ्लक्सिंगची ट्रिप

जनरेटर ट्रान्सफॉर्मरच्या रिलेवर 24 नंबरचं एलिमेंट, म्हणजे ओव्हरफ्लक्सिंग, लागलं तेव्हा मी आधी व्होल्टेजच बघितलं. पीटी सेकंडरीला 110 व्होल्ट, अगदी रेटेड. ग्रिडचा ब्रेकर उघडा, लोड शून्य. रिले चुकली असणार, असं मला वाटलं.

डिस्टर्बन्स रेकॉर्डमध्ये फ्रिक्वेन्सी पाहिल्यावर मत बदललं. ती होती 42 हर्ट्झ. बेअरिंगचं तापमान स्थिर व्हावं म्हणून मशीन 84 टक्के वेगावर धरून ठेवली होती आणि तेवढ्यात एक्साइटेशन चालू झालं होतं. एव्हीआरला फक्त व्होल्टेज कळतं. वेग कमी आहे म्हटल्यावर त्याने फील्ड करंट वाढवत नेला आणि 110 व्होल्ट गाठले.

कोअरला मात्र व्होल्टेज किती वेळ टिकलं याचा हिशेब लागतो. 50 हर्ट्झला अर्धी सायकल 10 मिलिसेकंदांची असते, 42 ला जवळपास 12. व्होल्टेज एकाच दिशेला आहे तोवर फ्लक्स वाढतच राहतो, म्हणजे त्याला वाढायला जास्त वेळ मिळाला. म्हणून फ्लक्स V/f च्या प्रमाणात बदलतो. रेटेड गुणोत्तर 110/50 म्हणजे 2.2, आणि इथे 110/42 म्हणजे 2.62. भागाकार 1.19. रेटेड व्होल्टेज आणि रेटेड फ्रिक्वेन्सीला 1.7 टेस्लावर चालणारा कोअर असा 2 टेस्लाच्या पुढे जातो, आणि सीआरजीओ पोलाद तिथे सॅच्युरेट झालेलंच असतं. त्यापुढचा फ्लक्स लॅमिनेशन सोडून क्लॅम्प, बोल्ट, टाकीची भिंत असा वाट शोधतो. हे भाग पातळ पत्र्यांचे नसल्यामुळे त्यांत एडी करंट जोरात फिरतात आणि इन्सुलेशन जवळून भाजलं जातं. ऑइलचा थर्मामीटर इतक्या लवकर हलत नाही, म्हणून तापमानावर विसंबता येत नाही. मॅग्नेटायझिंग करंटमध्ये पाचवा हार्मोनिक वाढलेला दिसतो. आमच्या रेकॉर्डमध्येही तो होता, आणि तेव्हा माझी शंका पूर्ण फिटली.

तरीही रिले तपासलीच. टेस्ट किटने 110 व्होल्ट कायम ठेवून फ्रिक्वेन्सी हळूहळू उतरवली. 1.10 चा अलार्म 45.4 हर्ट्झच्या आसपास आला. 1.18 ची ट्रिप, दोन सेकंदांच्या विलंबाने, 42.3 ला मिळाली. सेटिंगप्रमाणे अगदी बरोबर.

दोष दोन ठिकाणी सापडला. वेग 95 टक्क्यांवर गेल्याशिवाय एक्साइटेशन देऊ नये, हा इंटरलॉक चाचणीसाठी जंपर टाकून बायपास केलेला होता आणि जंपर तसाच राहिला होता. शिवाय एव्हीआरमधला V/Hz लिमिटर 1.20 वर होता, म्हणजे रिलेच्याही वर! लिमिटरने आधी व्होल्टेज खाली ओढायला हवं, रिले त्याच्या मागे उभी असते. जंपर काढला, लिमिटर 1.07 वर आणला आणि मशीन पुन्हा त्याच वेगावर धरून एक्साइटेशनची कमांड दिली. इंटरलॉकने ती नाकारली.