हलगी, गायक आणि पडद्यावरचा शब्द

सोलापूर, संक्रांतीच्या आधीचा आठवडा

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठीच्या भक्तिगीताचा व्हिडिओ, ज्यात गाण्याचे शब्द पडद्यावर हलत येतात, सध्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर आहे. ताल केहरवा, मिनिटाला ९६ मात्रा, व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा. म्हणजे एक मात्रा ०.६२५ सेकंदाची, फ्रेममध्ये मोजली तर १५.६२५. हा अपूर्णांकच पुढे त्रास देतो. मात्रेला सरळ १६ फ्रेम धरल्या, तर आठ मात्रांच्या एका आवर्तनात ३ फ्रेम जास्त होतात आणि चार आवर्तनांनंतर शब्द जवळजवळ अर्धा सेकंद मागे पडतो. म्हणून आधीच्या मात्रेत १६ मिळवत जायचं नाही, प्रत्येक मात्रा समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून मोजायची: ०, १६, ३१, ४७, ६२, ७८, ९४, १०९ आणि १२५ वर पुढची सम. पाचवी मात्रा खरं तर ६२.५ वर येते. ती ६३ ऐवजी ६२ वर घेतलेली बरी, कारण चित्र आवाजाच्या किंचित आधी आलं तर डोळा ते खपवून घेतो, मागून आलं की लगेच खटकतं.

हे गणित मेट्रोनोमच्या क्लिकवर वाजवलेल्या गाण्यापुरतं. खरी हलगी रंगात आली की लय चढते, मग प्रत्येक सम कानानेच पकडावी लागते. आफ्टर इफेक्ट्समध्ये ऑडिओचा लेयर निवडून, गाणं चालू असताना नंबर पॅडवरची * दाबली की मार्कर पडतो. हाताने टाकलेला मार्कर दोन-तीन फ्रेम इकडेतिकडे होतोच. नंतर L दोनदा दाबून वेव्हफॉर्म उघडायचा आणि मार्कर हलगीच्या ठोक्याच्या टोकावर सरकवायचा.

पण इतकं करून जे मिळतं ते हलगीचं वेळापत्रक, शब्दांचं नाही. ही गोष्ट पुन्हा पुन्हा लिहून ठेवावीशी वाटते, कारण प्रत्येक शब्द ठोक्यावर आपटणारे व्हिडिओ ढिगाने दिसतात आणि त्यात गायक कुठे असतो कोण जाणे. नमुन्याला ही ओळ: ‘नंदीध्वज निघाला, सिद्धेश्वरा’. ‘नंदीध्वज’ समेवर येतो, पण ‘निघाला’ पाचव्या मात्रेच्या थोडा आधी उचलला जातो. तो ६२ वर ठेवला की शब्द गायकाच्या मागे फरफटतो. अशा वेळी गायकाचं ऐकायचं. ठोका पार्श्वभूमीला द्यायचा: मागचा भगवा रंग, ध्वजाची काठी यांची हालचाल हलगीवर, अक्षरं गळ्यावर.

गळ्यावर म्हणजे नेमकं कुठे? ‘सिद्धेश्वरा’ची वेव्हफॉर्म ‘स’च्या सुसकाऱ्यापासून सुरू होते, पण शब्द लागला असं कानाला वाटतं ते त्यानंतरच्या स्वरापाशी. सुसकाऱ्याच्या सुरुवातीला अक्षर पूर्ण दिसलं तर ते घाईचं वाटतं. म्हणून शब्दाची हालचाल स्वराच्या चार-पाच फ्रेम आधी सुरू करून स्वरावर स्थिर करायची, वेग शेवटाकडे उतरता. ‘निघाला’तला ‘ला’ दोन मात्रा ताणलेला आहे. तिथे नवं काही न आणता शब्द ३१ फ्रेममध्ये १०० वरून १०४ टक्के होऊ द्यावा, ताण तेवढ्याने दिसतो.

एकेक अक्षर उडवून आणायचा मोह देवनागरीत आवरावा. तयार प्रीसेट अक्षरं सुटी करतात तेव्हा शिरोरेषा तुटते. मजकुराचं इंजिन भारतीय लिपींचं निवडलेलं नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्तासह फुटतात. अक्षरं अर्धपारदर्शक असताना शिरोरेषेच्या सांध्यांवर गडद ठिपकेही उमटतात. त्यापेक्षा अख्खा शब्द मास्कने डावीकडून उघडावा, रेघ अखंड राहते.

टाइपफेस ठरवताना ‘सिद्धेश्वर’ हाच शब्द आधी टाकून बघतो. ‘द्ध’ आणि ‘श्व’ जाड वजनात बुजतात, मोबाइलवर तर काळा गोळाच. हलगीच्या कडव्याला बलू २ चं ठसठशीत वजन शोभतं, गोलाई असूनही आतल्या पोकळ्या उघड्या राहतात. मोदक त्याहून जाड, तो ‘हर्र’च्या एखाद्या घोषापुरता ठीक. सुरुवातीच्या संथ आलापाला तिरो देवनागरी मराठी: त्यातले ल आणि श मराठी वळणाचे आहेत, इतर बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात आणि बाराबंदीतल्या भक्तांच्या दृश्यावर उपरे दिसतात. रोझा वन पोस्टरवर देखणा, पण त्याच्या बारीक रेघा हलताना आणि फाइल दाबली गेल्यावर लुकलुकतात. आलापातून कडव्यात जाताना फॉन्ट समेवरच बदलायचा, ओळीच्या मध्ये नाही.

तपासणी वायरच्या हेडफोनवर. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचू शकतो, मग बरोबर बसलेले शब्दही लवकर आल्यासारखे वाटतात आणि माणूस सगळे मार्कर उगाच पुढे ढकलत बसतो.