तुम्ही विचारलंत म्हणून: तेलंगण वेगळं का झालं

"सर, तिकडं पण तेलुगू, इकडं पण तेलुगू, मग भांडण कशाचं होतं? आणि शेवटी द्यायचंच होतं तर दिल्लीने इतकी वर्षं का घालवली?"

मी सोलापूरच्या साखर पेठेत वाढलो. गल्लीत निम्मी घरं पद्मशाली समाजाची, दिवसभर मागाचा खडखडाट आणि दारात विड्या वळत बसलेल्या बायका. शेजारच्या काकांचे मेहुणे वारंगळचे, दर उन्हाळ्यात यायचे. त्यांचं तेलुगू उर्दूमिश्रित, आणि ते सांगायचे की ऑफिसात आंध्रच्या किनारपट्टीकडचे लोक त्यावर हसतात. भाषा एक म्हणजे माणसं एक असं आपण धरून चालतो, पण तिथे जवळपास दीडशे वर्षं अर्धे लोक निजामाकडे होते आणि अर्धे इंग्रजांच्या मद्रास प्रांतात. इंग्रजी शाळा मद्रासकडे आधी आल्या, त्यामुळे एकत्र आलो तर नोकऱ्या तेच नेणार ही भीती आधीपासूनच होती. १९५२ लाच हैदराबादेत 'गैरमुल्की गो बॅक' म्हणत पोरं रस्त्यावर आली, गोळीबारही झाला. मुल्की म्हणजे मुलखातला, तिथला रहिवासी.

राज्यांची पुनर्रचना कशी करायची हे ठरवायला बसलेल्या फझल अली आयोगाने १९५५ साली स्पष्ट लिहिलं होतं की तेलंगण सध्या वेगळंच ठेवा, १९६१ च्या आसपासच्या निवडणुकीनंतर तिथल्या विधानसभेने दोन तृतीयांशाने ठरवलं तरच आंध्रात घाला. ते बाजूला पडलं. फेब्रुवारी १९५६ मध्ये दोन्हीकडच्या नेत्यांचा एक समझोता झाला, त्याला जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट म्हणतात. मुख्यमंत्री आंध्रचा तर उपमुख्यमंत्री तेलंगणचा, तेलंगणचा शिल्लक महसूल तेलंगणातच, आणि नोकरीसाठी तिथे बारा वर्षांचा रहिवास. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्य झालं आणि पहिल्याच मंत्रिमंडळात तेलंगणचा उपमुख्यमंत्री नव्हता.

माझ्या मते सगळं भांडण इथे आहे. समझोता पाळायचा कोणी, तर विधानसभेतल्या बहुमताने, आणि बहुमत आंध्रवाल्यांचं, म्हणजे ज्यांच्यापासून संरक्षण हवं त्यांच्याच हातात कुलपाची किल्ली. मेहुणे सांगायचे की बाहेरची माणसं खोटं मुल्की सर्टिफिकेट काढून शेजारच्या टेबलावर येऊन बसायची आणि तक्रार ज्या साहेबाकडे करायची तोही तिकडचाच. १९६९ च्या जानेवारीत विद्यार्थी पेटले, आणि मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने रहिवासाची अटच रद्द केली, कारण घटनेनुसार अशी अट अख्ख्या राज्यापुरती घालता येते, राज्याच्या एका तुकड्यापुरती नाही. कायद्याने ते बरोबरही असेल, पण आमचं संरक्षण करा म्हणणारा माणूस आमचं राज्यच वेगळं करा म्हणायला लागतो तो अशाच वेळी. १९७१ च्या लोकसभेला तेलंगणच्या १४ पैकी १० जागा तेलंगण प्रजा समितीने जिंकल्या आणि काही महिन्यांत तो पक्ष काँग्रेसमध्ये गेला.

१९७२ ला कोर्टाने निजामाच्या काळातले मुल्की नियम, म्हणजे नोकरी तिथल्या रहिवाशांनाच, वैध ठरवले तर आता किनारपट्टी पेटली, आम्हाला वेगळं करा म्हणून. मग केंद्राने सहा कलमी तोडगा काढला आणि घटनेत राज्याच्या प्रत्येक भागातल्या स्थानिकांना नोकरीत संरक्षण देणारं ३७१ डी कलम आलं. आता कायदा पक्का होता, तरी १९८५ मध्ये सरकारलाच जीओ ६१० नावाचा आदेश काढावा लागला, की तेलंगणात नियमाबाहेर नेमलेल्यांना परत पाठवा. पुढे कित्येक वर्षं तो नीट अमलात आलाच नाही.

दिल्लीने वेळ घालवला म्हणता ते खरंच आहे, आणि ते जीवघेणं होतं. ९ डिसेंबर २००९ ला राज्य देतो म्हणून जाहीर केलं, दोनच आठवड्यांत पाय मागे घेतला, मग समिती बसली, आणि त्या मधल्या काळात तरुण पोरांनी जीव दिले. हे मला आजही अक्षम्य वाटतं.

पण एक बघा, यातल्या कुणी वेगळा देश मागितला नाही. कॅटलोनियात उलट झालं, २००६ चा स्वायत्तता कायदा लोकांनी मतदानाने मंजूर केला, २०१० ला स्पेनच्या घटनात्मक कोर्टाने त्यातली काही कलमं उडवली आणि तिथून पुढे स्वातंत्र्याच्या मागणीला जोर चढला, २०१७ ला तर केंद्राने तिथलं सरकारच बरखास्त केलं. आपल्याकडे घटनेत कलम ३ आहे. संसद साध्या बहुमताने नवं राज्य करू शकते, जुन्या राज्याचं फक्त मत विचारायचं, संमती लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र विधानसभेने विधेयक फेटाळलं तरी फेब्रुवारीत संसदेने ते मंजूर केलं. आंध्रवाल्यांना तो अन्याय वाटला आणि त्यांची बाजू मला कळते, कारण हेच कलम उद्या कुठल्याही राज्यावर चालू शकतं. पण किल्ली बहुमताच्या हातातून काढायला दुसरा रस्ता नव्हता.

२ जून २०१४ ला काकांच्या घरी सकाळपासून टीव्ही चालू होता. मेहुणे तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरीचा त्यांना आता काय उपयोग, पण काकांनी फोन स्पीकरवर टाकला तर पलीकडून नुसता रडण्याचा आवाज, बराच वेळ.