खळ

अप्पा बळवंत चौकाच्या आतल्या गल्लीतल्या चित्रसाहित्याच्या दुकानात मी गेली अकरा वर्षं काउंटरवर उभा आहे. जून महिन्यात शाळांची गर्दी असते आणि ती ओसरली की मोठी माणसं येतात. आधी शेल्फाकडे बघत राहतात, मग हळूच विचारतात, "मला चित्रं काढायला शिकायचंय, काय काय लागेल?"

गेल्या जुलैतल्या एका दुपारी आलेल्या ताई मात्र काही घ्यायला आल्या नव्हत्या. त्यांनी पिशवीतून जलरंगाच्या छत्तीस ट्यूबांचा डबा, चोवीस ब्रशांचा रोल आणि ड्रॉइंग पॅड काढून काउंटरवर ठेवलं. "हे कुणाला तरी द्या. माझा हात नाही यात. उगीच पैसे घातले." घरी ब्लाउज शिवतात म्हणाल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, गळ्यात टेप तशीच लटकत होती. दोन महिने रोज रात्री बसून आकाश रंगवायचा प्रयत्न केला होता आणि दर वेळी पट्टे पडले होते.

मी पॅड उघडून पाहिलं. अकरा पानांवर अकरा आकाशं होती. कागद पन्हाळीसारखे वाकलेले, खोलगट भागात रंग साचून काळपट झालेला. काही ठिकाणी ब्रश पुन्हा पुन्हा फिरवल्यामुळे कागदाची लव निघून तिच्या गोळ्या झाल्या होत्या. ते बघून माझ्या पोटात तुटलं, कारण चूक हाताची नव्हतीच. पॅड पेन्सिलीच्या कामाचं होतं, कागद पातळ, जेमतेम दीडशे जीएसएमचा.

त्यांना सांगून पटलं नसतं, म्हणून मी दाखवायचं ठरवलं. त्यांच्या पॅडचं एक पान घेतलं आणि आमच्याकडचा शंभर टक्के सुती, तीनशे जीएसएमचा एक तुकडा घेतला. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब ठेवला. त्यांच्या कागदावरचा थेंब बघता बघता पसरून आत गेला. सुती कागदावरचा थेंब गोल, चमकत बसून राहिला.

"याला खळ आहे," ताई पटकन म्हणाल्या.

इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना 'साइझिंग' हा शब्द समजावत आलो आणि हा साधा शब्द मला कधी सुचला नव्हता. जलरंगाच्या चांगल्या कागदाला जिलेटिनची किंवा तशाच एखाद्या पदार्थाची खळ असते, आतल्या लगद्यातही आणि बऱ्याचदा वरूनही. त्यामुळे रंगाचं पाणी लगेच आत न जाता थोडा वेळ वर खेळतं, आणि तेवढ्या वेळात ते हवं तसं फिरवता येतं. खळ कमी असली की प्रत्येक फटकारा जिथल्या तिथे शोषला जातो. दुसरा फटकारा येईपर्यंत पहिल्याची कड वाळलेली असते. तोच पट्टा.

मग त्यांच्याच डब्यातली निळी ट्यूब आणि त्यांचाच ब्रश त्यांच्या हातात दिला. सुती कागद एका फळीवर चिकटवला, फळीखाली पावती पुस्तक सरकवून उतार केला. भरपूर पाण्यात रंग कालवून आडवा पहिला फटकारा मारायला लावला. त्याच्या खालच्या कडेला ओल्या रंगाची एक जाडसर ओळ जमली. "आता पुढचा फटकारा त्या ओळीला खालून नुसता लावा, वर परत जाऊ नका." असे सात-आठ फटकारे झाले. शेवटी खाली साचलेला रंग त्यांनी पिळलेल्या ब्रशाने टिपून घेतला. कागदावर कुठेही पट्टा न पडलेलं निळं आकाश होतं. रंग तेच, ब्रश तोच, हातही तोच. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पदराने चष्मा पुसला.

नवशिक्या माणसाला कमी पैशांत चांगलं साहित्य घ्यायचं असेल तर मी पहिला पैसा कागदावर घालायला सांगतो. ताईंना एकच पूर्ण शीट दिलं, बावीस बाय तीस इंचांचं. घडी घालून, नखाने दाबून, फाडून त्याचे आठ तुकडे करून दिले. मागची बाजूही वापरता येते, म्हणजे सोळा चित्रं झाली. "महागाचा कागद वाया जाईल" म्हणून हात आखडतो, हे मी फार पाहिलंय. तुकडे लहान असले की ती भीती कमी होते.

ब्रश एकच दिला, आठ नंबरचा गोल, सिंथेटिक. नवा ब्रश गोंदाने कडक केलेला असतो, त्यावरून काही कळत नाही. म्हणून तो पाण्यात बुडवून गोंद घालवला आणि एक झटका दिला. केस आपोआप एका टोकाला जुळले. त्यांच्या रोलमधले ब्रश तसेच करून पाहिले तर बहुतेकांना दोन शेपट्या फुटल्या.

रंगांबाबत त्या अडल्या. छत्तीस असताना नवे कशाला? त्यांच्या ट्यूबांवर आत कोणतं रंगद्रव्य आहे ते कुठेच छापलेलं नव्हतं. बरे उत्पादक ते छापतात. अल्ट्रामरीनवर 'पीबी २९' असतं. एकच द्रव्य असलेले रंग एकमेकांत मिसळले तरी स्वच्छ राहतात. आधीच तीन द्रव्यांचा असलेला हिरवा दुसऱ्या तशाच रंगात गेला की चिखल होतो. शिवाय ताई रंग फिका करायला प्रत्येक वेळी पांढरा घालत होत्या, त्याने तो खडूसारखा मंद होतो. जलरंगात फिकेपणा पाण्याने येतो आणि पांढरा म्हणजे मोकळा सोडलेला कागद.

मी चार ट्यूबा दिल्या, विद्यार्थी श्रेणीच्याच. अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, लेमन यलो आणि गुलाबीकडे झुकणारा एक लाल. या श्रेणीत द्रव्य कमी आणि भर जास्त असते, पण सुरुवातीला तेवढं चालतं. निळ्यात बर्न्ट सिएना कमी-जास्त करून पावसाळी ढगांचे सगळे राखाडी त्यांना काउंटरवरच काढून दाखवले. पॅलेट घेऊ दिली नाही. घरातली पांढरी चिनीमातीची बशी पुरते. ईझलही नाही, त्यांचं कटिंगचं टेबल आहे.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या आणि अजून एक शीट घेऊन गेल्या. दुसऱ्याच दिवशी दुपारी पुन्हा दारात उभ्या. हातात आकाशाचा तुकडा, त्यावर देवी आल्यासारखे गडद ठिपके.

"दादा, याची खळ उडालीय."

मी त्या कागदाची रंग न लावलेली बाजू उजेडात तिरकी धरून पाहिली. कोरडा असताना काहीच दिसत नव्हतं. त्यावर नुसतं पाणी फिरवलं, तर जागोजागी ते झिरपून ओले डाग उमटले. सादळलेल्या हवेत राहिला की कागदाची खळ अशी ठिपक्याठिपक्यांनी मरते, आणि तो गठ्ठा आम्हीच मागच्या ओल धरलेल्या भिंतीला टेकवून ठेवला होता. चूक दुकानाची होती. मी त्यांची माफी मागितली, शीट बदलून दिलं आणि देण्याआधी त्याच्या कोपऱ्यावर थेंब ठेवून पाहिला.

त्यांनीही तो वाकून बघितला. थेंब हलला नाही तेव्हा म्हणाल्या, "मी सिल्कचं कापड पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात वरच्या फळीवर ठेवते. जमिनीला आणि भिंतीला लागू देत नाही."

त्या संध्याकाळी शटर ओढायच्या आधी आम्ही दोघा पोरांनी सगळे सुती गठ्ठे भिंतीपासून हलवले, प्रत्येकातल्या वरच्या आणि खालच्या शीटवर थेंब टाकून पाहिले. सतरा शीटं बाद निघाली. ती आता पेस्टलच्या कामासाठी अर्ध्या किमतीत ठेवली आहेत, आणि गठ्ठ्यावर मी जाड पेनाने लिहिलंय: जलरंगासाठी नाही.